तारीख, बूच आणि चौदा आकडे

नागपूरहून परत आलेलं खोकं दोन दिवस पडवीतच पडून होतं. कुडाळ तालुक्यातलं हे वहिनींचं घर; कोकणी पदार्थ त्या इथेच करून बाहेरगावी पाठवतात. मागे रातांब्याची सात झाडं, पुढे अंगणात वाळत घातलेली साखरांबट सालं, आणि मे महिन्याचा दुसरा आठवडा. खोक्याचा खालचा पुठ्ठा भिजून जांभळा-काळा झाला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. आत अमृत कोकमच्या सहा बाटल्या होत्या. वहिनींनी खोकं माझ्यासमोरच उघडलं. मी म्हटलं, "बूच नीट लागलं नसेल." वहिनींनी एक न फुटलेली बाटली उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि माझ्या हातात दिली. बाटली दगडासारखी टणक लागत होती. बूच जरासं फिरवताच फस्स् असा आवाज झाला आणि फेस वर आला.

"बूच सैल नाय," त्या म्हणाल्या. "रस आंबलो हा."

मला या लेखात जे सांगायचं आहे, ते त्या एका वाक्यात आहे. कोकणातला पदार्थ इंटरनेटवरून विकायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो पॅकिंगचा, दुसरा परवान्याचा. पण बाटली गळते तेव्हा दोष बऱ्याचदा बाटलीत नसतो, भांड्यात असतो. पदार्थ आतून स्थिर नसेल तर कोणतंही बूच त्याला धरून ठेवू शकत नाही. म्हणून आधी पदार्थाचं आयुष्य, मग बूच, मग परवाना हा क्रम ठेवावा लागतो. वहिनींच्या घरी मी गेल्या वर्षी चार फेऱ्या केल्या. तिथे पाहिलं ते त्याच क्रमाने मांडतो.

गळण्याच्या दोन जाती

गळून आलेली बाटली फेकून देऊ नये, आधी ती वाचावी. बूच किंवा सील सदोष असेल तर बाटली हाताला मऊ लागते, रसाची पातळी खाली गेलेली असते, डाग मानेपासून खाली ओघळलेला असतो, आणि उरलेल्या रसाची चव नेहमीसारखीच असते. रस आंबला असेल तर बाटली फुगून टणक होते, तळ बाहेर येऊन ती टेबलावर डुगडुगते, उघडताना हवा सुटते, बारीक बुडबुडे वर येतात आणि वासात ताडीची छटा असते. पहिला दोष पॅकिंग सुधारून जातो. दुसरा जात नाही. उलट बूच जितकं घट्ट, तितका आतला दाब वाढतो, आणि बाटली कुरिअरच्या गोदामात फुटते.

नागपूरच्या त्या खोक्यामागची कहाणी साधी होती. वहिनींचं घरचं प्रमाण एक किलो ताज्या सालांना दोन किलो साखर असं आहे. सालं आणि साखर थरावर थर देऊन बरणीत भरायची, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायची, साखर पूर्ण विरघळून सालं आक्रसली की रस गाळून घ्यायचा. एप्रिलमध्ये काही गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "फार गोड आहे, साखर कमी करा." वहिनींनी एका खेपेला साखर निम्मी केली. रस छान झाला, रंग उजळ आला, चवही सगळ्यांना आवडली. चौदाव्या दिवशी तो उठला.

कारण असं. फळाच्या सालीवर यीस्ट असतंच. साखर भरपूर असते तेव्हा ती रसातलं पाणी स्वतःकडे धरून ठेवते आणि यीस्टला वाढायला पाणी मिळत नाही. साखर कमी केली की तेच पाणी मोकळं होतं, यीस्ट जागं होतं आणि साखरेचा दारू-वायू करतं. त्यात मे महिन्याची उष्णता. रस आंबट आहे म्हणून तो टिकेल, हा समज इथे फसवतो. आंबटपणा बऱ्याच घातक जंतूंना रोखतो, यीस्टला नाही.

हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं. वहिनींनी नंतर रिफ्रॅक्टोमीटर घेतला. खिशात मावणारी छोटी दुर्बीणच ती. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून पाहायचं. निळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात तो आकडा म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं, शेकडा प्रमाण. त्याला ब्रिक्स म्हणतात. नागपूरच्या खेपेतल्या उरलेल्या बाटलीत आकडा आला ५४. जुन्या प्रमाणाने केलेल्या रसात ६८. आपल्या अन्न मानकांत फळांच्या सिरपसाठी किमान ६५ टक्के घन पदार्थ सांगितले आहेत. त्या आकड्यामागे हेच कारण आहे. घेताना एक गोष्ट पाहावी: बाजारातला स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर बहुधा ० ते ३२ पर्यंतच मोजतो. तो उसाच्या रसाला चालतो, सिरपला नाही. इथे ० ते ९० मोजणारा हवा.

मीठ, साखर, ऊन

वहिनींच्या यादीत चार पदार्थ आहेत: अमृत कोकम, आगळ, आंबावडी आणि ओल्या नारळाची वडी. चौघांचं आयुष्य वेगळं, कारण प्रत्येकात पाणी वेगळ्या रीतीने बांधलेलं.

आगळ मिठावर टिकतं. वहिनी दहा किलो रातांबे फोडून त्यांना दीड किलो जाडं मीठ लावतात, सात दिवस रोज सकाळी लाकडी पळीने खालीवर करतात आणि मग रस गाळतात. धातूचं भांडं इथे कधीच चालत नाही, कारण आंबट आणि खारट रस धातूला खातो. आगळाच्या बाटलीला पत्र्याचं बूच लावलं तर काही महिन्यांत ते आतून गंजतं. पावसाळ्यात रातांबे भिजले आणि तसेच वापरले, तर पाणी वाढून मिठाचं प्रमाण उतरतं आणि आगळावर पांढरा पडदा येतो. म्हणून पहिल्या पावसानंतरची फळं वहिनी आगळाला घेत नाहीत. सालं वाळवून आमसुलाला वापरतात.

आंबावडी आटवण्यावर टिकते. कोरड्या हातांनी भरली आणि हवाबंद ठेवली तर ती काही महिने जाते. तिला धोका बाहेरून येणाऱ्या दमटपणाचा.

नारळाची वडी मात्र कशावरच टिकत नाही. ओलं खोबरं, दूध आणि साखर. त्यात पाणीही आहे आणि चरबीही. साधारण आठव्या-दहाव्या दिवशी तिला आधी साबणासारखी चव येते, मग बुरशी दिसते. साबणासारखी चव हा खोबरेल चरबी फुटल्याचा इशारा आहे. वडी दिसायला पांढरीशुभ्र असतानाच तो येतो, म्हणून पाहून नव्हे, चाखून ठरवावं लागतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं की माल गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याचं किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस आयुष्य शिल्लक असावं. दहा दिवसांच्या वडीला ३० टक्क्यांचा हिशेब लावला तरी ती सातव्या दिवसाच्या आत पोचायला हवी. गावातून तालुक्याला, तिथून कोल्हापूरला, तिथून पुढे. मध्ये एक रविवार. वहिनींनी वडी कुरिअरने पाठवणं बंद केलं. गणपतीला गावी आलेले चाकरमानी ती हातात घेऊन जातात, तेवढीच. यादीतून एखादा पदार्थ काढून टाकणं हाही या धंद्यातला खरा निर्णय आहे.

तारीख कुठून येते

लेबलवर "वापरण्याची अंतिम तारीख" छापावी लागते, पण अमृत कोकमला नऊ महिने आणि आगळाला बारा महिने असं सांगणारं सरकारी कोष्टक नाही. ती तारीख करणाऱ्याने ठरवायची आणि तिची जबाबदारीही त्यानेच घ्यायची. कित्येक जण दुसऱ्याच्या बाटलीवरची तारीख उचलतात. त्या बाटलीत परिरक्षक होतं की नव्हतं, तिचा ब्रिक्स किती होता, हे त्यांना ठाऊक नसतं.

वहिनींकडे शाळेच्या मुलाची दोनशे पानी वही आहे. प्रत्येक खेपेला क्रमांक, तारीख, फळ कुठल्या झाडाचं, साखर किंवा मीठ किती, ब्रिक्स किती. प्रत्येक खेपेतल्या आठ बाटल्या विकायच्या नाहीत. चार खोलीतल्या फडताळात, चार माळ्यावर पत्र्याखाली. दर तीन महिन्यांनी फडताळातली एक उघडायची: रंग, वास, चव, बुडबुडे, तळाशी बसलेला गाळ. असं वर्षभर चालतं. जिथे पहिला बदल जाणवला, त्याच्या दोन तृतीयांश काळ लेबलवर लिहायचा. अमृत कोकम वर्षभर नीट राहिलं. लेबलवर आठ महिने आले.

पत्र्याखालच्या बाटल्या कशासाठी? मे महिन्यात कुरिअरचं गोदाम आणि बंद ट्रक तसाच तापतो. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की रंग उडणं आणि तेल खवट होणं यांसारख्या गोष्टी ढोबळमानाने दुपटीने वेगात होतात, त्यामुळे माळ्यावरचे दोन महिने फडताळातल्या चार महिन्यांची चाहूल देतात. पण हा हिशेब आंबण्याला आणि बुरशीला लागू नाही. फार उष्णतेत बुरशी कधी कधी उलट मंदावते. म्हणून माळ्यावरची बाटली चांगली राहिली एवढ्यावर तारीख ठरवता येत नाही. फडताळातल्या बाटलीची वाट पाहावीच लागते.

परिरक्षकाबद्दलही एक सांगण्यासारखी गोष्ट. काही घरांत सिरप टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. आंब्याला, लिंबाला ते चालतं. कोकमाचा लाल रंग मात्र त्याने फिका पडतो. कोकमाला, जांभळाला म्हणूनच सोडियम बेन्झोएट वापरतात, तेही मानकांत दिलेल्या मर्यादेत वजनकाट्यावर मोजून, चिमटीने नव्हे. ते घातलं की लेबलवर लिहावंच लागतं. वहिनी घालत नाहीत. साखरेवरच विसंबतात, आणि म्हणून साखर कमी करू शकत नाहीत.

बूच

पदार्थ स्थिर झाला की मग बुचाकडे वळता येतं. नुसतं घट्ट पिळलेलं बूच प्रवासात सैल होतं. ट्रकच्या हादऱ्यांनी ते कणाकणाने फिरतं. त्यासाठी बुचाच्या आत ॲल्युमिनियमची चकती येते, तिच्या खालच्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर. बूच लावून त्यावर इंडक्शन सीलरचं तोंड एक-दोन सेकंद धरलं की चकती तापते, थर वितळतो आणि बाटलीच्या ओठाला चिकटतो. हातात धरायचं यंत्र घरगुती कामाला पुरतं. पण ते तीन ठिकाणी फसतं.

पहिलं, ओठ ओला किंवा चिकट असेल तर सील धरत नाही. वहिनी बाटली नरसाळ्याने भरतात आणि ओठ आधी ओल्या, मग कोरड्या सुती कापडाने पुसतात. लोणच्याच्या बरणीला तर तेलाचा एक थेंब पुरतो. दुसरं, चकतीचा थर बाटलीच्या प्लास्टिकशी जुळायला हवा. पेट बाटलीची चकती वेगळी, पॉलिथिनच्या बरणीची वेगळी; घेताना दुकानदाराला बाटली दाखवावी. तिसरं, रस गरम असताना पेट बाटलीत भरला की बाटली आक्रसते आणि ओठ वाकडा होतो. रस पूर्ण निवल्यावरच भरायचा, आणि मानेखाली दोन बोटं जागा सोडायची, म्हणजे उन्हात रस फुगला तरी दाब बुचावर येत नाही.

मग चाचणी. सील केलेल्या बाटल्या वर्तमानपत्रावर रात्रभर उलट्या ठेवायच्या. सकाळी कागदावर डाग दिसला की ती बाटली बाजूला. मी गेलो त्या दिवशी चाळीस बाटल्यांत दोन डाग निघाले. दोन्हींच्या ओठावर साखरेचा कोरडा कण होता, नखाला टोचेल एवढा.

त्यानंतर खोकं. प्रत्येक बाटली स्वतंत्र झिप पिशवीत, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या वाचतात. मध्ये पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या भिंती, बाटली बाटलीला लागायला नको. सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पाच पदरी खोक्यात. खोकं कानाशी धरून हलवायचं. आवाज आला तर आणखी कागद भरायचा. पहिल्यांदा नवं खोकं ठरवताना वहिनींच्या मुलाने त्यात पाणी भरलेल्या बाटल्या ठेवून कमरेच्या उंचीवरून दहा वेळा टाकलं: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. मोठ्या कंपन्यांच्या वाहतूक-चाचणीतही हाच क्रम असतो. कोपऱ्यावर पडल्यावर पहिल्या खोक्यातलं एक बूच तडकलं, म्हणून बुचांवर पुठ्ठ्याचा आणखी एक थर आला.

खोकं गरजेपेक्षा मोठं घेण्याचा मोह आवरावा. कुरिअर वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. चार बाटल्यांचं भरलेलं खोकं साधारण तीन किलो. तीस-तीस-तीसच्या खोक्यात ते घातलं तर हिशेब ५.४ किलोचा होतो. बावीस-बावीस-सव्वीसच्या खोक्यात अडीच किलोचा, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे पडतात. विमानाने जाणाऱ्या पार्सलांत द्रव पदार्थ नाकारले जाऊ शकतात. म्हणून बुकिंग करतानाच जमिनीवरची सेवा निवडावी आणि आतला माल खरा लिहावा.

चौदा आकडे

परवान्याबद्दल सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त गैरसमज. घरच्या स्वयंपाकघरात करून व्हॉट्सअॅपवर विकलं तर काही लागत नाही, हा पहिला. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याप्रमाणे विक्रीसाठी अन्न करणाऱ्या लहानातल्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी लागते, मग विक्री दारावर होवो की मोबाइलवर. लहान व्यवसायाला नोंदणी, त्यावर राज्याचा परवाना, त्याहून मोठ्याला केंद्राचा, अशा तीन पायऱ्या आहेत. २०११ च्या नियमांत नोंदणीची मर्यादा वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीची आणि फी वर्षाला १०० रुपये ठेवली होती. मर्यादा आणि फी बदलत असतात. अर्ज भराल त्या दिवशी foscos.fssai.gov.in वर दिसेल तीच धरावी. शोधताना त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं वर येतात आणि तीच फी कित्येक पटींनी घेतात. पत्ता gov.in ने संपतो की नाही, एवढं पाहिलं की पुरतं.

नोंदणीला लागतात छायाचित्र, ओळखीचा पुरावा आणि जागेचा पुरावा. अर्जात व्यवसायाचा प्रकार निवडताना चूक होते. वहिनींनी पहिल्यांदा "किरकोळ विक्रेता" निवडलं. त्या स्वतः करतात, म्हणून "उत्पादक" हवं होतं. अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. २०११ च्या नियमांत सात दिवसांत नोंदणी देणं, कारण देऊन नाकारणं किंवा पाहणीची नोटीस काढणं अपेक्षित आहे. नोंदणी त्या जागेची असते. स्वयंपाकघर बदललं की ती आपोआप सोबत येत नाही.

हाती येतो तो चौदा आकडी क्रमांक. तो २ ने सुरू झाला तर नोंदणी, १ ने सुरू झाला तर परवाना. आणि तो क्रमांक पदार्थ तपासल्याचं प्रमाणपत्र नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की हा पदार्थ कोणी आणि कुठे केला हे सरकारला ठाऊक आहे आणि काही बिघडलं तर त्या दारापर्यंत पोचता येतं. आंबलेल्या बाटलीवरही तो क्रमांक छापलेला होता.

वहिनींचं आताचं लेबल माझ्यासमोर आहे. वर नाव, अमृत कोकम. शाकाहाराची खूण, हिरव्या चौकटीत हिरवा गोल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने: साखर, कोकम, मीठ, जिरं. निव्वळ ५०० मिली. हे मिलीतच लिहायचं, कारण इतकं दाट सिरप ५०० मिली भरलं तर वजनाला साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे जातं. खेप क्रमांक, केल्याची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, सर्व करांसह किंमत, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, अन्न सुरक्षेचं चिन्ह आणि चौदा आकडे.

साखर पहिली आली म्हणून एका गिऱ्हाइकाने नाराजी कळवली. वहिनींनी क्रम बदलला नाही. तो बदलताच येत नाही. त्यांनी खाली एक ओळ वाढवली: "एका वाटीला सहा वाट्या पाणी घ्या. गोड वाटल्यास पाणी वाढवा. साखर नको असेल तर आमचं आगळ मागवा." गोडी कमी करायची जागा गिऱ्हाइकाचा पेला आहे, वहिनींची बरणी नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला सहा बाटल्या पुन्हा गेल्या, ६८ ब्रिक्सच्या, रात्रभर उलट्या राहिलेल्या. पाचव्या दिवशी पोचल्या, खोकं कोरडं. या दिवाळीत तुम्ही घरबसल्या गावाकडचं काही मागवाल, तेव्हा तीन गोष्टी पाहा: खेपेसह तारीख, बुचाखालची चकती आणि चौदा आकडे. आणि एक करू नका. करणाऱ्या बाईला साखर किंवा मीठ कमी करायला सांगू नका. तो पदार्थ तुमच्यापर्यंत पोचतो, तो त्यांच्याच जोरावर.